काम संपणार कधी? तीन अंदाजांच्या पद्धतीचा आढावा

‘काम कधी संपेल?’ या प्रश्नाला कंत्राटदार जे उत्तर देतो, त्यात तीन गोष्टी कालवलेल्या असतात. त्याला मनातून काय वाटतं ते, गिऱ्हाइकाला काय ऐकायचं आहे ते, आणि उद्या अंगावर शेकू नये म्हणून हातचे राखलेले चार दिवस. एका तारखेतून या तिन्ही गोष्टी वेगळ्या काढता येत नाहीत. म्हणून एका कामाचे तीन आकडे विचारायची पद्धत निघाली: सगळं सुरळीत झालं तर किती दिवस, बहुधा किती दिवस, आणि सगळंच बिनसलं तर किती दिवस. या तिन्हींवरून एका तारखेऐवजी तारखांचा पट्टा काढायचा. पद्धत शिकायला अर्धा तास पुरतो. तिच्याबद्दलची चर्चा मात्र साठ वर्षांहून जास्त काळ चालू आहे, आणि तिचा रोख बहुतेक वेळा एकाच जागी येतो: हा पट्टा हवा तेवढा रुंद असतो का?

पाणबुडीवरचं क्षेपणास्त्र

अमेरिकी नौदलाने १९५५च्या अखेरीस पाणबुडीतून सोडायच्या क्षेपणास्त्रासाठी ‘स्पेशल प्रोजेक्ट्स ऑफिस’ नावाचं वेगळं कार्यालय उघडलं. प्रमुख होते रिअर ॲडमिरल विल्यम रेबर्न आणि क्षेपणास्त्राचं नाव पोलारिस. ऑक्टोबर १९५७मध्ये रशियाचा स्पुटनिक अवकाशात गेला आणि आधीच घाईत असलेल्या या प्रकल्पाचं वेळापत्रक आणखी अलीकडे ओढलं गेलं. शेकडो कंत्राटदार आणि पूर्वी कुणीच न केलेली कामं. घन इंधनाची मोटर किती दिवसांत जमेल, हे सांगायला मागचा अनुभवच नव्हता.

१९५८मध्ये याच कार्यालयातले विलर्ड फझार, बूझ ॲलन हॅमिल्टन ही सल्लागार कंपनी आणि लॉकहीडची माणसं यांनी मिळून ‘पर्ट’ नावाची पद्धत उभी केली. कामांचं जाळं काढायचं, कुठलं काम कशावर अडून आहे ते बाणांनी दाखवायचं आणि प्रत्येक बाणासाठी संबंधित अभियंत्याकडून तीन आकडे घ्यायचे. तीनच का, याचं त्यांनी दिलेलं कारण मानवी स्वभावाशी निगडित होतं. एकच आकडा मागितला की माणूस त्याला वचन समजतो आणि सावधपणे बोलतो. तीन मागितले की त्याला मोकळेपणी अनिश्चितता सांगता येते.

जवळजवळ त्याच वेळी ड्यूपाँट कंपनीत मॉर्गन वॉकर आणि रेमिंग्टन रँडचे जेम्स केली यांनी ‘क्रिटिकल पाथ’ची पद्धत बसवली. जाळं तसंच, पण प्रत्येक कामाला आकडा एकच. रासायनिक कारखाना बंद ठेवून करायची दुरुस्ती त्यांच्या अंगवळणी पडलेली होती, त्यामुळे किती दिवस लागतील यापेक्षा किती जादा खर्च केल्यावर किती दिवस वाचतील, हा त्यांचा प्रश्न होता. नवखं काम असेल तर तीन आकडे आणि सरावाचं असेल तर एक, ही विभागणी तिथेच झाली. आजही ती बरीचशी टिकून आहे.

२० जुलै १९६० रोजी ‘जॉर्ज वॉशिंग्टन’ या पाणबुडीने पाण्याखालून पहिलं पोलारिस सोडलं आणि पर्टचा बोलबाला झाला. हार्वी सपोल्स्की यांनी १९७२मध्ये पोलारिसवर पुस्तक लिहिलं. त्यांच्या मते या यशात पर्टचा प्रत्यक्ष वाटा थोडाच होता. पद्धतीची शास्त्रीय छाप अशी पडली की वरचे अधिकारी आणि काँग्रेसचे सदस्य प्रकल्पात ढवळाढवळ करायला धजले नाहीत, हा तिचा खरा उपयोग. पोलारिसच्या यशावरून पद्धत सिद्ध झाली असं धरून चालता येत नाही, एवढं यातून नक्की घ्यावं.

एका घराचा हिशोब

पुढचे आक्षेप समजायला एक छोटं उदाहरण मांडून घेऊ. बैठं घर आहे, स्लॅब पडून सेंट्रिंग निघालंय, आणि १ फेब्रुवारीला पुढचं काम सुरू होतंय. एकामागून एक चार कामं राहिली आहेत: वीटकाम, प्लास्टर, फरशी आणि रंग. आकडे मी उदाहरणापुरते घेतले आहेत आणि ते सुट्ट्या धरून आहेत.

वीटकामाला मुकादम म्हणतो, बहुधा २४ दिवस. गवंडी रोज आले आणि विटांचा ट्रक वेळेवर आला तर १८. गवंडी गावच्या जत्रेला गेले की ४२. पद्धत अशी की आशावादी आकड्यात मधल्या आकड्याची चौपट आणि निराशावादी आकडा मिळवायचा आणि बेरजेला ६ने भागायचं. १८, ९६ आणि ४२ मिळून १५६, म्हणजे सरासरी २६ दिवस. अनिश्चिततेचं माप, म्हणजे प्रमाण विचलन, काढायला दोन टोकांतलं अंतर ६ने भागायचं. २४ भागिले ६, म्हणजे ४ दिवस.

प्लास्टरचे आकडे १४, २०, ३८ धरले तर सरासरी २२ आणि विचलन ४ येतं. फरशीचे ८, १४, ३२ धरले तर १६ आणि ४. रंगाचे ८, ११, २० धरले तर १२ आणि २. चारही सरासरींची बेरीज ७६ दिवस. विचलनांची मात्र सरळ बेरीज करत नाहीत. एका कामात गेलेले दिवस दुसऱ्यात काही अंशी भरून निघतात असं मानतात, म्हणून त्यांच्या वर्गांची बेरीज करून वर्गमूळ काढतात. १६, १६, १६ आणि ४ मिळून ५२, त्याचं वर्गमूळ सुमारे ७.२.

आता पट्टा काढता येतो. दहातल्या आठ शक्यता ६७ ते ८५ दिवसांच्या दरम्यान पडतात, म्हणजे ८ एप्रिल ते २६ एप्रिल. वास्तुशांतीचा मुहूर्त २६ एप्रिलचा धरला तर काम हुकण्याची शक्यता दहात एक.

याच आकड्यांतून आणखी एक गोष्ट दिसते, आणि माझ्या मते या पद्धतीची खरी कमाई तीच आहे. मुकादमाचे चारही ‘बहुधा’ आकडे मिळवले तर ६९ दिवस होतात. साधं वेळापत्रक याच आकड्यावर बनतं आणि कुणालाही ते खोटं वाटत नाही. पण वरच्या हिशोबात ६९ दिवसांत काम संपण्याची शक्यता सहात एकच आहे. काम लवकर उरकायला जागा थोडी असते आणि लांबायला भरपूर. त्यामुळे प्रत्येक ठिकाणी प्रामाणिक ‘बहुधा’ सांगूनही एकूण तारीख हुकते. त्यासाठी कुणी थाप मारावी लागत नाही.

सूत्रावरचा आक्षेप

चौपट का आणि सहाने भागाकार का, हा पहिला आक्षेप सांख्यिकीतल्या लोकांचा. पर्टच्या मूळ चमूतले चार्ल्स क्लार्क यांनी १९६२मध्ये त्याचं उत्तर दिलं, आणि ते फारच सरळ होतं. कामांच्या कालावधीचं वितरण प्रत्यक्षात कसं असतं याची आपल्याकडे माहिती नाही. दोन्ही टोकांना थांबणारं, एकीकडे झुकू शकणारं, हिशोबाला सोयीचं म्हणून बीटा वितरण घेतलं. रूढ घंटाकृती आलेखात जवळजवळ सगळा पसारा सहा विचलनांत मावतो, त्या धर्तीवर सहाचा भागाकार घेतला.

१९६४मध्ये मॅक्रिमन आणि रायव्हेक यांनी या गृहीतकांची बारकाईने छाननी केली. एकेका कामाच्या पातळीवर सूत्र बरंच चुकू शकतं, पण या चुका कधी वर तर कधी खाली जातात आणि पुष्कळ कामं जोडली की बऱ्याच अंशी एकमेकींना खोडतात. बीटाऐवजी साधं त्रिकोणी वितरण घेऊन तीन आकड्यांच्या बेरजेला ३ने भागणारेही पुष्कळ आहेत. त्यात लांबलेल्या टोकाला जास्त वजन मिळतं, म्हणून सरासरी थोडी पुढे सरकते. हा वाद आता जवळजवळ निवला आहे. सूत्र कुठलं, यापेक्षा त्यात घातलेले आकडे कसे आले हे महत्त्वाचं, असं दोन्ही बाजू मानतात.

वाटा जिथे मिळतात

दुसरा आक्षेप जास्त जड आहे, आणि त्याचा कल नेहमी एकाच दिशेला असतो. पर्ट जाळ्यातली सगळ्यात लांब वाट निवडतं आणि फक्त तिचाच हिशोब करतं. बाकीच्या वाटा वेळेत संपतीलच असं धरतं.

घराकडे परत येऊ. साइटवर वीटकाम ते रंग चालू असताना दारं, खिडक्या आणि कपाटांचं काम सुताराच्या कारखान्यात चालू आहे. हिशोब सोपा राहावा म्हणून त्या वाटेचीही सरासरी ७६ आणि विचलन ७.२ धरू. वास्तुशांतीला दोन्ही पूर्ण हवीत. ७६ दिवसांत साइटचं काम संपण्याची शक्यता निम्मी, सुताराचीही निम्मी, आणि दोन्ही संपण्याची पाव. सरासरी तारीख ७६वरून ८०वर जाते. २६ एप्रिलची ९० टक्के खात्री ८१वर येते. वीजमीटरची तिसरी वाट तेवढीच लांब असेल तर ७६ दिवसांत सगळं जमण्याची शक्यता आठात एक उरते. एकाही माणसाने एक दिवस जादा घेतलेला नाही. फक्त वाटा एका जागी येऊन मिळतात, आणि तिथे सगळ्यात उशिरा येणाऱ्यासाठी बाकीचे थांबतात.

हे गणित क्लार्क यांनाही ठाऊक होतं. अनेक अनिश्चित आकड्यांतल्या सर्वांत मोठ्याची सरासरी कशी काढायची, यावर त्यांनी १९६१मध्ये लेख लिहिला होता. व्यवहारात उपाय मिळाला तो रिचर्ड व्हॅन स्लाइक यांनी १९६३मध्ये मांडलेल्या मॉन्टे कार्लो पद्धतीतून. प्रत्येक कामाचा कालावधी त्याच्या पट्ट्यातून चिठ्ठी काढल्यासारखा उचलायचा, सगळं जाळं एकदा सोडवायचं, शेवटची तारीख टिपायची, आणि हे हजारो वेळा करायचं. शंभरातल्या किती खेपांना एखादं काम सगळ्यात लांब वाटेवर सापडलं, हेही त्यातून कळतं. आपण साइटवर डोळा ठेवून बसलो आणि चाळीस खेपांना घोडं सुताराकडे अडलं, ही माहिती निव्वळ तारखेपेक्षा उपयोगाची असते. त्या काळी यासाठी मोठा संगणक लागे. आज साध्या स्प्रेडशीटमध्ये हे होतं, त्यामुळे या आक्षेपाला तांत्रिक उत्तर मिळालं आहे असं म्हणायला हरकत नाही. तरी पुष्कळ ठिकाणी अजून एकाच वाटेची बेरीज होते, हा भाग वेगळा.

एकच कारण, चार कामं

मॉन्टे कार्लोनेही न सुटणारी अडचण म्हणजे ‘एका कामात गेलेले दिवस दुसऱ्यात भरून निघतात’ हे गृहीतक. वीटकाम आणि प्लास्टर करणारी गवंड्यांची टोळी एकच असते. मालकाचा बँकेचा हप्ता अडकला तर वाळूही अडते आणि फरशीही. एका कामाला उशीर करणारं कारण पुढच्या कामालाही गाठतं.

चारही कामं पूर्णपणे बरोबरीने हलतात असं टोकाचं धरलं तर विचलनांची सरळ बेरीज होते: ४, ४, ४ आणि २ मिळून १४. दहात नऊ खात्रीची तारीख ८५व्या दिवसावरून ९४व्या दिवसावर जाते. खरं बहुधा मध्ये कुठेतरी असतं. परस्परसंबंध निम्मा धरला तर विचलन ११ आणि तारीख ९०वा दिवस. सरासरी ७६च राहते, पट्टा तेवढा रुंदावतो.

हा संबंध किती धरायचा, यावर एकमत नाही. काही जण कामांच्या जोड्यांना अंदाजाने एखादा गुणांक देतात. तो आकडा कुणालाच अनुभवाने सांगता येत नाही, ही त्यातली लंगडी बाजू. म्हणून दुसरा गट म्हणतो की कामांना तीन आकडे देण्याऐवजी कारणांना द्या. ‘गवंडी टंचाई’ किंवा ‘पैशाची ओढ’ ही जोखीम एकदाच लिहा आणि ती ज्या ज्या कामांना लागते त्या सगळ्यांना एकदम लावा. मला ही मांडणी जास्त पटते, कारण मुकादमाला गुणांक विचारता येत नाही, पण गवंडी कधी आणि का जातात हे तो नेमकं सांगतो. तिची मर्यादा एवढीच की जे कारण यादीत सुचलंच नाही, ते हिशोबातही येत नाही.

निराशावादी आकडा किती निराश?

तिसरा आणि आज सर्वांत जिवंत असलेला प्रश्न माणसाच्या मनाशी जोडलेला आहे. मूळ सूत्रात निराशावादी आकडा म्हणजे जवळजवळ कधीच न ओलांडला जाणारा. पण ‘सगळं बिनसलं तर?’ असं विचारल्यावर मुकादमाच्या डोळ्यांसमोर गेल्या दोनचार वर्षांतली वाईट साइट येते. शंभरातली सर्वांत वाईट साइट त्याने बघितलेलीच नसते.

रॉजर ब्यूलर, डेल ग्रिफिन आणि मायकल रॉस यांचा १९९४चा अभ्यास इथे नेहमी सांगितला जातो, कारण त्यात तीन आकड्यांचीच परीक्षा झाली. प्रबंध लिहिणाऱ्या मानसशास्त्राच्या विद्यार्थ्यांना विचारलं, प्रबंध कधी पुरा होईल? सरासरी उत्तर ३३.९ दिवस. सगळं उत्तम झालं तर २७.४, आणि जितकं वाईट होऊ शकतं तितकं झालं तर ४८.६. प्रत्यक्षात सरासरी ५५.५ दिवस लागले. म्हणजे सरासरी विद्यार्थी स्वतःच्या निराशावादी आकड्याच्याही पुढे आठवडाभर गेला. असा पट्टा सूत्रात घातला तर बरोबर बेरीज करूनही उत्तर चुकणार.

यावर सांख्यिकीतून आलेला उपाय म्हणजे प्रश्न बदलणं. मोडर आणि रॉजर्स यांनी १९६८मध्ये सुचवलं की अशक्यप्राय टोकं विचारू नका. विसात एकदाच त्याहून लवकर होईल आणि विसात एकदाच त्याहून उशिरा होईल असे आकडे विचारा, आणि अंतराला ६ऐवजी ३.२ने भागा. आपल्या मुकादमाचे आकडे खरं तर याच जातीचे होते असं धरलं, तर वीटकामाचं विचलन ४ऐवजी साडेसात होतं, आणि सगळ्या कामांची दहात नऊ खात्रीची तारीख ८५व्या दिवसाऐवजी ९३व्या दिवसावर जाते. मुकादमाने एकही आकडा बदलला नाही. आपण त्याचं बोलणं कसं समजलो, तेवढंच बदललं.

दुसरा उपाय मानसशास्त्रातून आला. डॅनियल कानेमन आणि एमॉस ट्वर्स्की यांनी १९७९मध्ये दाखवून दिलं की माणूस समोरच्या कामाच्या तपशिलात शिरून अंदाज करतो आणि तशाच आधीच्या कामांचं काय झालं हे बघत नाही. बेंट फ्ल्यूबिअर यांनी मोठ्या बांधकामांसाठी यातूनच एक रीत बसवली: अशाच प्रकारची पूर्ण झालेली कामं गोळा करा, अंदाज आणि प्रत्यक्ष यांचं गुणोत्तर काढा, आणि आपला पट्टा त्यावरून ठरवा. या बाजूचं बळ म्हणजे अज्ञात कारणंही त्यात आपोआप येतात. तीन आकड्यांचे पुरस्कर्ते विचारतात की ‘अशीच’ कामं कुठली, आणि नेमकं काय सुधारायचं ते या पट्ट्यातून कसं कळणार? आता बरेच जण दोन्ही करतात आणि पट्टे जुळले नाहीत तर कारण शोधतात. कुठल्याला किती वजन द्यायचं, याचा सर्वमान्य नियम नाही.

लवकर संपलेलं काम कुठे जातं?

एलियाहू गोल्डरॅट यांनी १९९७च्या ‘क्रिटिकल चेन’मध्ये वेगळ्याच ठिकाणी बोट ठेवलं. सूत्र धरतं की वाचलेले दिवस पुढच्या कामाला मिळतात. प्रत्यक्षात प्लास्टर चार दिवस आधी उरकलं तरी फरशीवाला दुसऱ्या साइटवर असतो आणि आपल्या ठरल्या तारखेलाच येतो. उशीर मात्र जसाच्या तसा पुढे सरकतो. आपल्या घरात वाचलेला एकही दिवस पुढे गेला नाही असं धरलं, तर सरासरी ७६वरून साधारण साडेएक्क्याऐंशी दिवसांवर जाते.

गोल्डरॅट यांचं म्हणणं, कामागणिक हातचे दिवस ठेवूच नका. प्रत्येकाला निम्म्या खात्रीचा आकडा द्या आणि राखीव दिवस सगळ्यात शेवटी एकत्र ठेवा. टीकाकारांचा प्रतिप्रश्न असा की निम्म्या वेळा हुकणारा आकडा स्वीकारायला कंत्राटदार तयार होईल का, आणि शेवटी ठेवलेले राखीव दिवस मालकाला दिसले की तो ते कापणार नाही का? दोन्ही शंका रास्त आहेत. उत्तर बरंचसं त्या संस्थेतल्या रीतिभातीवर अवलंबून राहतं.

पट्ट्यातली कुठली तारीख?

पट्टा कितीही नीट काढला तरी शेवटी कुणीतरी त्यातून एक तारीख उचलतोच. नासाने २००९पासून मोठ्या प्रकल्पांसाठी असं धोरण ठेवलं की खर्च आणि मुदत या दोन्हींत मिळून काम बसण्याची शक्यता ७० टक्के असेल, अशा बेताने तरतूद करायची. ७०च का, ८० का नाही, याला गणिती उत्तर नाही. जास्त खात्री घ्यावी तर पैसा अडकून पडतो आणि हातात वेळ आहे म्हणून काम रेंगाळतं. कमी घ्यावी तर दर वेळी मुदतवाढ.

जेम्स वेब दुर्बिणीचा २०११मध्ये नव्याने आखलेला आराखडा सत्तर टक्क्यांच्या आसपासच्या खात्रीचा होता आणि त्यात उड्डाण ऑक्टोबर २०१८मध्ये होतं. प्रत्यक्षात ते २५ डिसेंबर २०२१ रोजी झालं. सूर्यकवचाचा पडदा घडी उलगडताना फाटला, आवाजाच्या चाचणीत कवचाच्या आवरणाचे स्क्रू-वॉशर सुटले, आणि चुकीच्या द्रावणाने झडपा खराब झाल्या. मग तो अंदाज चुकला का? सत्तर टक्के म्हणजे दहात तीनदा हुकणार, असं त्यातच लिहिलेलं होतं. पण तीन वर्षं हुकण्याची शक्यता त्या पट्ट्यात किती होती, हा प्रश्न उरतोच.

एका प्रकल्पावरून पट्ट्याची परीक्षा होत नाही. त्यासाठी एकाच हाताने काढलेले चाळीस-पन्नास पट्टे आणि त्यांच्या प्रत्यक्ष तारखा शेजारी मांडून पाहावं लागतं की ‘दहात नऊ’ म्हटलेल्यांपैकी खरोखर किती वेळेत संपले. अशी वही ठेवायची तर सुरुवातीचा पट्टा जपून ठेवावा लागतो, आणि बहुतेक कार्यालयांत पहिली मुदतवाढ मिळाली की जुन्या वेळापत्रकाच्या जागी नवं येतं.